कॅन्सल चेकचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

"सावधान!! १) कॅन्सल चेक कोणालाही देऊ नका, त्यावरून खातं रिकामं करतात. २) द्यावाच लागला तर खाली सही करा, सहीशिवाय तो धरत नाहीत. ३) त्यापेक्षा खाते नंबर टाईप करून पाठवा, नाव जुळलं नाही तर बँक पैसे परत पाठवतेच. ४) बँकेचं लेटर दिलं की कोणी प्रश्न विचारू शकत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज देवगडला माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी तो खरा मानला. पुण्याच्या एका फर्मला त्यांनी पहिल्यांदाच हापूस दिला होता, एक लाख ब्याण्णव हजारांचं बिल, आणि व्हेंडर म्हणून नाव चढवायला फर्मने कॅन्सल चेक मागितला. मामा म्हणाले, "चेक दिलो तर खाता साफ करतले." आणि मग तिसऱ्या मुद्द्यात सांगितलंय तसं खाते नंबर व्हॉट्सअॅपवर टाईप करून पाठवला. मी रत्नागिरीत एका पल्प फॅक्टरीत व्हेंडर पेमेंटचंच काम करते, त्यामुळे हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

म्हणून तिसरा मुद्दा आधी घेते, कारण पैसे जातात ते त्यानेच.

एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना आपण नाव भरतो, पण समोरची बँक पैसे जमा करते ते फक्त खाते नंबर बघून. हे माझं मत नाही, रिझर्व्ह बँकेचं १४ ऑक्टोबर २०१० चं सर्क्युलर आहे: जमा करताना खाते नंबर हाच आधार, नाव त्यासाठी वापरलं जाणार नाही, आणि नंबर बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा वाचलं असतं तर बरं झालं असतं.

आता अर्धं खरं काय तेही सांगते. चुकीच्या नंबरचं खातंच नसेल तर पैसे परत येतात, आणि बऱ्याचदा तसंच होतं, त्यामुळेच लोकांना वाटतं की बँकेने नाव तपासलं. पण त्या नंबरचं खातं खरोखर कोणाचं तरी असेल तर पैसे तिथे जमा होतात आणि परत काही येत नाहीत. मग तुम्ही तुमच्या बँकेत अर्ज द्यायचा, ती त्या बँकेला कळवणार, ती त्या खातेदाराला विचारणार, आणि त्याने नाही म्हटलं की पोलीस नाहीतर कोर्ट. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक पैसे आपणहून काढून देत नाही.

मामांनी टाईप केलेल्या नंबरात शेवटी ४४७१ च्या जागी ४४१७ पडलं होतं. फर्मची माणसं शहाणी, त्यांनी आधी एक रुपया पाठवून बघितला, ज्याला पेनी ड्रॉप म्हणतात. त्यात पैसे जमा झाल्याच्या उत्तरासोबत बँकेत त्या नंबरवर असलेलं खातेदाराचं नाव दिसतं. ते नाव आलं भलत्याच बाईंचं. म्हणजे नंबर चालू होता! हा एक रुपया पाठवला नसता तर अख्खं बिल त्या बाईंच्या खात्यात गेलं असतं आणि सगळे व्यवहार नियमाप्रमाणेच झाले असते.

१ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसलाही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांनी द्यायची आहे, ग्राहकाकडून पैसे न घेता. चांगली गोष्ट आहे, पण नाव फक्त दिसतं, ते वाचून थांबायचं की पुढे जायचं हे पाठवणाऱ्यानेच ठरवायचं असतं. त्यामुळे बँक जुळवतेच हे आजही खोटंच.

चेक मागतात तो याचसाठी. त्यावर नाव, खाते नंबर, आयएफएससी सगळं बँकेने छापलेलं असतं, हाताने टाईप करताना होणारी चूक तिथे होत नाही. आणि छापलेलं नाव आम्ही पॅन, बिल आणि जीएसटी असेल तर जीएसटीच्या साईटवर नंबर टाकून दिसणारं कायदेशीर नाव, यांच्याशी ताडून बघतो. नुसता टाईप केलेला नंबर कोणाशी ताडणार?

आता पहिला मुद्दा. दोन तिरक्या रेघा मारून मधे कॅन्सल्ड लिहिलेला, सही नसलेला चेक घेऊन कोणी पैसे काढू शकत नाही. त्यावर जेवढी माहिती असते तेवढी तुम्ही पैसे घेण्यासाठी कोणालाही देताच. पण एक फसवणूक खरी आहे आणि ती मेसेजमधे लिहिलीच नाही: कर्ज देतो म्हणून आलेला एजंट स्वतःचं पेन देतो, शाई पुसली जाणारी, कॅन्सल्ड तेवढं त्या पेनाने लिहून घेतो आणि सहीही मागतो. नंतर अक्षरं पुसली की हातात सही केलेला कोरा चेक. म्हणून पेन आपलं, बॉलपेन, रेघा ठळक, फक्त नाव, नंबर आणि आयएफएससी झाकायचे नाहीत.

आणि याच कारणाने दुसरा मुद्दा तर सरळ नुकसान करणारा आहे. खातं कोणाचं हे छापलेल्या नावावरून कळतं, सहीवरून नाही. सही केली तर तुमच्या सहीचा नमुना अनोळखी माणसाला मिळतो, बस. काही कंपन्या सही मागतात, त्यांना विचारा कशासाठी, बहुतेकदा फॉर्मवरची सही पुरते.

चौथा मुद्दा. बँकेचं लेटर उपयोगी आहे, विशेषतः चेकबुकवर नाव छापलेलंच नसेल तेव्हा, कारण खातं उघडताना लगेच मिळणाऱ्या किटमधल्या चेकवर बऱ्याचदा नाव नसतं आणि तसा चेक कोणाचंच खातं सिद्ध करत नाही. आमच्याकडे पेट्या पुरवणाऱ्या एकाचं खातं बायकोसोबत जॉइंट, पहिलं नाव तिचं, त्यामुळे पेनी ड्रॉपमधे तिचंच नाव येत होतं आणि बिल याच्या नावाने. ब्रँचने दोघांची नावं, खाते नंबर, प्रकार, आयएफएससी, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि शिक्का असं पत्र दिलं, तेव्हा अडकलेलं पेमेंट सुटलं.

पण प्रश्न विचारू शकत नाही हे कोणी सांगितलं? लेटरहेड बनवायला कॉम्प्युटर पुरतो, चेकच्या फोटोतला नंबर बदलायलाही. नेहमीच्या व्हेंडरच्या नावाने मेल येतो, आमचं खातं बदललं, सोबत नवीन लेटर जोडलंय. अशा वेळी मी मेलला उत्तर देत नाही, त्या व्हेंडरच्या आमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करते, आणि ब्रँचला विचारायचं झालं तर फोन नंबर बँकेच्या साईटवरून घेते, लेटरवर छापलेला नाही.

आपल्याकडच्यांसाठी एक वेगळं सांगते. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. घरात जुनं चेकबुक पडलेलं असेल तर त्यातला चेक फाडून देऊ नका, आधी ब्रँचमधून आताचा आयएफएससी आणि खाते नंबर विचारून घ्या आणि नवं चेकबुक येईपर्यंत लेटर द्या. मामांचं खातं दुसऱ्या बँकेत आहे, त्यांनी आता बॉलपेनने कॅन्सल केलेला चेक पाठवलाय, सही न करता.