‘बाबा येईपर्यंत बाळाला जागं ठेवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“बाबा कामावरून उशिरा येतात? सोपं आहे. बाळाची दुपारची झोप बंद करा, म्हणजे रात्री एकदम गाढ झोपेल. बाबा येईपर्यंत त्याला खेळवत जागं ठेवा. उशिरा झोपलं तर सकाळी उशिरा उठतं, झोप तेवढीच होते. दोन-तीन दिवसांत सवय लागते. बापाला लेकरासोबत तेवढाच एक वेळ मिळतो, तो सोडू नका.”

हा मेसेज आमच्या पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा आला. मी नागपुरात मानेवाड्याला पाळणाघर चालवते. आमच्याकडच्या अर्ध्या मुलांचे वडील बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत आहेत, त्यामुळे उशिरा येणारा बाप हा विषय आम्हाला रोजचा. बापाची ओढ खरी आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मेसेजमधला उपाय मात्र उलटा आहे, आणि त्याचा ताप दुसऱ्या दिवशी आईला, आजीला नि आम्हाला होतो.

आधी दुपारच्या झोपेचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, आणि ही दुपारची झोप धरून, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात आहे. दीड-दोन वर्षांचं मूल दुपारच्या झोपेनंतर साधारण पाच-साडेपाच तास मजेत जागू शकतं. त्याच्या पलीकडे ताणलं तर ते मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, उलट चेकाळतं. झोपेचा दाब वाढत जातो, तसं शरीर स्वतःला जागं ठेवायला जोर लावतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पोराला झोपच नाही. एका आजीबाईंनी मला हेच ऐकवलं होतं, “अवं, पोट्टं घरभर धावून राहिलं, अन् तुम्ही म्हणता त्याले झोप आली?” धावत होतं, पण दर चार पावलांवर पडत होतं. दाराच्या चौकटीला आपटत होतं, पाणी दिलं तर पेला फेकत होतं, आणि मधेच हसता हसता रडत होतं. अतिथकवा ओळखायचा तो असा. डोळे चोळणं, कान ओढणं ही खूण त्याच्या बरीच आधी येऊन गेलेली असते.

असं मूल शेवटी झोपतं, पण गाढ झोपेलच असं नाही. दिवे मालवल्यावर तास-दीड तासाने अर्धवट जागं होऊन किंचाळतं, आईलाही ओळखत नाही, आणि पहाटे पाचला डोळे उघडून बसतं. म्हणून दुपारची झोप बंद करायची नसते, सरकवायची असते. साधारण तीन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना ती हवीच असते.

आता झोप तेवढीच होते या मुद्द्याकडे. आज रात्री आठऐवजी दहाला झोपवलं म्हणून उद्या मूल साडेसहाऐवजी साडेआठला उठत नाही. ते साडेसहालाच उठतं, फार तर पावणेसातला, कारण उठण्याची वेळ शरीराचं घड्याळ ठरवतं. हे घड्याळ उजेडावर चालतं, आणि सकाळचा उजेड त्याला पुढे जाऊ देत नाही. नागपुरात जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि जानेवारीत सातला पाच-दहा मिनिटं कमी असताना. त्यामुळे पूर्वेच्या खिडकीखाली झोपणाऱ्या मुलाची वेळ पुढे नेण्याचं काम हिवाळ्यात सोपं जातं आणि उन्हाळ्यात जिवावर येतं. दहाला झोपवलेलं मूल साडेसहाला उठलं की दोन तास गेले. तीन रात्री हेच केलं की सहा तास. सवय लागली म्हणून जो शांतपणा दिसतो, तो बऱ्याचदा नुसता थकवा असतो.

मग वेळ सरकवायचीच नाही का? सरकवता येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका वीस महिन्यांच्या मुलाची सरकवली, ती कशी ते सांगते. पोराचे बाबा सकाळी सातला कंपनीच्या बसने जायचे आणि रात्री साडेआठला घरी यायचे. पोरगं साडेसहाला उठायचं, दुपारी साडेबारा ते अडीच झोपायचं आणि रात्री आठला झोपायचं. म्हणजे एकूण साडेबारा तास झोप. बाबा दारात येण्याच्या अर्धा तास आधी पोरगं गपगार.

आम्ही ठरवलं की रात्र नऊपर्यंत न्यायची, पण एकटी नाही. सकाळ, दुपारची झोप, रात्रीचं जेवण, सगळं सोबत न्यायचं, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी दुपारची झोप पावणेएकला आणि रात्रीची सव्वाआठला. दुसऱ्या सकाळपासून उठणं पावणेसातला. चौथ्या दिवशी सकाळी सात, दुपारी एक, रात्री साडेआठ. असं करत बाराव्या दिवसापर्यंत सकाळी साडेसात, दुपारी दीड आणि रात्री नऊ. झोप तेवढीच राहिली, साडेबारा तास. दुपारनंतरचा जागा काळही साडेपाच तासच राहिला.

यात आईला सगळ्यात कठीण वाटली ती सकाळ. पोरगं जुन्या वेळेला कुरकुरायचंच. तेव्हा लाइट लावायची नाही, पडदा उघडायचा नाही, आणि दुधाची बाटली तर नवीन वेळेआधी अजिबात नाही. शेजारी पडून राहायचं, हळू थोपटायचं, बस. पहिलं दूध आणि पहिला उजेड या दोन गोष्टींनी शरीराला दिवस सुरू झाल्याची वर्दी मिळते. त्या पंधरा मिनिटं उशिरा आल्या की उठणंही हळूहळू तिकडे सरकतं. खिडकीला त्यांनी जुन्या सतरंजीचा पडदा केला होता. दिसायला वाईट, पण मस्त काम करायचा.

संध्याकाळी उलटं. आठपर्यंत घर नेहमीसारखं उजळ ठेवायचं आणि झोपेच्या तासभर आधी ट्यूबलाइट बंद करून एक पिवळा बारका दिवा. लहान मुलांच्या डोळ्यांत उजेड मोठ्यांपेक्षा जास्त शिरतो आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला तो अडवतो. इथेच बाबांचं चुकलं. पहिल्या आठवड्यात ते साडेआठला आले की बेल, ट्यूबलाइट, टीव्हीवर बातम्या आणि पोराला छताकडे उडवणं, सगळं एकदम. पोरगं खुश, पण झोपायला पावणेदहा. मग ठरलं की बेल वाजवायची नाही, फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. हातपाय धुवून त्यांनी थेट पोराचं तोंड-पाय पुसायचं, कपडे बदलायचे, ट्रकच्या चित्रांचं एक पुस्तक दोनदा वाचायचं आणि त्यांनीच थोपटायचं. आपलं जेवण त्यानंतर. अर्धाच तास, पण पूर्ण त्यांचा. टीव्ही मात्र बंद करवत नव्हता, ते सांगायला मला त्यांच्या आईला पुढे करावं लागलं.

मध्ये गाडी घसरलीही. सातव्या दिवशी वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चाललं होतं, पोरगं दुपारी पाऊण तासातच उठलं. आई तरी पावणेनऊची वेळ गाठायच्या मागे. रात्री साडेदहाला किंचाळणं, आणि सकाळी पावणेसहाला उठून बसलेलं. म्हणून एक नियम धरला की दुपारची झोप तासाभरापेक्षा कमी झाली तर त्या रात्री अर्धा तास आधी झोपवायचं. बाबांची भेट हुकली तर हुकली. आणि सरकवताना सलग दोन सकाळी मूल नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठलं किंवा आठवडाभर न केलेला हट्ट दिवसभर करू लागलं, तर पुढचं पाऊल टाकायचं नाही. आहे तिथेच तीन-चार दिवस थांबायचं. त्यांना बाराऐवजी सोळा दिवस लागले. दोन-तीन दिवसांत सवय म्हणणाऱ्याने बहुतेक स्वतःच्या घरी केलेलं नाही.

आता तेवढाच एक वेळ मिळतो या गोष्टीकडे. या हिशेबातली अडचण कोणी बोलून दाखवत नाही. मुलाचे जागे तास वाढत नाहीत, ते फक्त पुढे जातात. या घरी पोरगं साडेसातला उठू लागलं तेव्हा सातच्या बसने बाबा गेलेले असायचे. आधी साडेसहा ते सात पोरगं आणि बाबा एकाच घरात जागे असायचे. पण त्या अर्ध्या तासात दाढी, डबा, बुटाची शोधाशोध, त्यामुळे तो सोडून रात्रीचा घेतला यात त्यांना फायदा वाटला. दुसऱ्या घरी तो नसेल. तुमची बस नऊची असेल आणि तुम्ही रात्री दहाला येत असाल, तर रात्र सरकवण्यात काही अर्थ नाही. तुमचं सोनं सकाळी आहे. मूल साडेसहाला उठतं, तर साडेसहा ते साडेआठ तुम्ही घ्या, आई झोपू दे तासभर.

आणि सकाळ कोणाच्या हातात आहे ते आधी बघा. मूल पाळणाघरात आठला पोचवायचं असेल तर ते सातला उठलंच पाहिजे. त्याला साडेबारा तास लागत असतील आणि त्यातले दोन दुपारी होत असतील, तर सात वाजल्यापासून साडेदहा तास मागे मोजा. रात्रीचे साडेआठ. यापुढे एक मिनिटही खेचलं तर ते झोपेतून जातं. आमच्याकडे आठला येणाऱ्या मुलांच्या बापांना मी हीच वजाबाकी कागदावर करून दाखवते. त्यातले दोघे अजून माझ्यावर रुसलेले आहेत.

ज्या पोराची गोष्ट सांगितली, त्याच्या बाबांना फेब्रुवारीत आठवडाभर दुसरी पाळी लागली. घरी यायला रात्रीचे बारा. त्या आठवड्यात त्यांनी नऊची वेळ तशीच ठेवली, पोराला जागं ठेवलं नाही, आणि सकाळी साडेसातला पडदा उघडण्याचं काम स्वतःकडे घेतलं. अर्धवट झोपेत, केस उभे, पण पडदा तेच उघडायचे.