नुसता सही-शिक्का हवाय म्हणे

मी भाषांतरकार. आज सकाळी सातबाराचं इंग्रजी भाषांतर मेलवर आलं. सोबत एक ओळ: "ॲपवरून करून घेतलंय, तुम्ही नुसता सही-शिक्का मारून द्या. दोनच पानं आहेत." आई-वडील मुलीकडे इंग्लंडला चाललेत. व्हिजिटर व्हिसाच्या अर्जाला जमिनीचा कागद जोडायचाय, म्हणजे माणसं परत येणार हे तिकडच्या अधिकाऱ्याला पटावं. हेतू चांगलाच आहे. पण कागद उघडला आणि डोकं फिरलं.

पहिल्याच रकान्यात 'हे.आर.चौ.मी.' होतं. यातला 'हे' म्हणजे हेक्टर. यंत्राने त्याचं 'धिस' केलं. बरं, हे हसण्यावारी नेता येईल. पुढचं नाही येत. सातबारावर 'आकार' नावाचा रकाना असतो. आकार म्हणजे जमिनीवरची शेतसाऱ्याची आकारणी, रुपयांत. इथे आकार होता 2.35, म्हणजे दोन रुपये पस्तीस पैसे. यंत्राने लिहिलं 'साइझ 2.35'. त्याच ओळीत क्षेत्र आहे 0.87.00, म्हणजे 87 आर, आपल्या हिशेबात दोन एकर सहा गुंठे. आता तिकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एकाच जमिनीची दोन मापं दिसणार. 2.35 हे हेक्टर समजले, तर पावणेसहा एकरांच्या वर जातं. अर्जात तुम्ही दोन एकर लिहिलंय. मग खोटं कोण बोलतंय? तुम्हीच!

पोटखराबा, म्हणजे गटातला लागवडीला न येणारा तुकडा, इथे 0.06.00. त्याचं भाषांतर पोट बिघडण्याच्या अंगाने गेलंय. फेरफाराचं 'टॅम्परिंग' झालंय. म्हणजे वारसनोंदीचा साधा फेरफार क्रमांक होता, तिथे आता कागदात छेडछाड झाल्याचा क्रमांक छापलाय, तोही अर्जदाराने स्वतःच जोडलेला. कायद्याच्या इंग्रजीत याला म्यूटेशन म्हणतात, आकाराला असेसमेंट, भोगवटादाराला ऑक्युपंट. हे शब्द 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या इंग्रजी पाठापासून चालत आलेत, मनाने ठरवायचे नसतात.

"पण आम्ही तपासलंय की!" असंही मेलमध्ये होतं. कसं तपासलं? तर इंग्रजी परत मराठीत उलटवून बघितलं. मूळ जसंच्या तसं आलं, म्हणून खात्री पटली. अहो, तीच तर गोम आहे. 'आकार'चं 'साइझ' झालं आणि 'साइझ' उलटवलं की पुन्हा 'आकार'च येणार. कुळाचं 'क्लॅन' होतं, उलटवलं की पुन्हा कूळ. मधल्या इंग्रजीत कसणारं कूळ जाऊन घराण्याचं कूळ आलं, हे दोन्ही टोकांना दिसत नाही. एका शब्दाचे दोन अर्थ असले की ही उलटतपासणी चूक दाखवायच्या ऐवजी झाकते, आणि जमिनीच्या कागदात तर असे शब्द ओळीओळीला आहेत.

कबूल करते, यंत्र वाईट नाही. ग्रामसभेचं चाळीस पानी इतिवृत्त आलंय आणि त्यात आपल्या गटाचा उल्लेख आहे का एवढंच परदेशातल्या भावाला बघायचंय? खुशाल टाका यंत्रात. एखाद्या उपकरणाच्या वापराच्या पुस्तिकेतला कुठला धडा आपल्या कामाचा, सोसायटीची नोटीस पाण्याबद्दल आहे की पार्किंगबद्दल, हे कळायला माणसाला पैसे द्यायची काही गरज नाही. तिथे वाचणारे तुम्हीच असता. विचित्र काही दिसलं तर थांबता, कुणाला तरी विचारता. सरळ, पूर्ण वाक्यांचा मजकूर असेल तर यंत्राचा खर्डा घेऊन माणसाने तो मुळाशी ताडून बघणंही चालतं, वेळ वाचतो. मीही करते. झालं समाधान?

सातबारात मात्र वाक्यंच नसतात. रकाने, संक्षेप आणि आकडे. यंत्राला अर्थ लावायला आजूबाजूचं वाक्य लागतं, ते इथे मिळतच नाही. त्यात कागदाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो दिला की रकाने सरकतात, एकाच्या नावापुढे दुसऱ्याचं क्षेत्र येतं, मराठी १ चा ९ होतो. या कागदात आडनाव वाघ आहे. पहिल्या ओळीत ते वाघच राहिलंय, चौथ्या ओळीत 'टायगर' झालंय. पासपोर्टवरचं स्पेलिंग तर कुठेच जुळत नाही. असला खर्डा दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावरून सुरुवात केलेली परवडते.

आणि सहीचं म्हणाल तर, ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतरावर ते मुळाशी तंतोतंत जुळतं असं भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं. खाली तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क. अमेरिकेच्या इमिग्रेशनलाही भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं लिहून द्यावं लागतं. हे कोण लिहून देणार, ॲप? 'नुसती सही' म्हणजे या वाक्याखालची सही असते हो. नोटरी करून घेऊ म्हणतात काही जण. नोटरी सही कुणाची ते बघतो, पोटखराब्याचं काय झालं ते बघत नाही.

कोर्टाच्या बाहेर बसून मृत्युपत्राचं 'डेथ सर्टिफिकेट' करणारी माणसंही आहेत, हेही माहीत आहे. माणूस आहे म्हणून बरोबर असं नव्हे. पण निदान चूक कुणाची ते विचारायला खाली नाव-पत्ता असतो.

एवढं लिहून होईपर्यंत त्या मुलीच्या वडिलांचाच फोन आला. आवाज इतका ओशाळलेला की माझा अर्धा राग तिथेच गेला. "ताई, पोरीने घाईत केलं, तुम्ही नव्यानं करा." मग सांगितलं, काका, फोटो नको, डिजिटल सहीचा पीडीएफ उतरवून घ्या आणि तोच पाठवा. तुमच्या आणि काकूंच्या पासपोर्टचं पहिलं पानही पाठवा, नावं त्याच्यावरून घेते.

मग मी विचारलं, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात 'वि.का.स. सोसायटी बोजा रु. 90,000' आहे, यंत्राने तिथे नुसतं 'सोसायटी बर्डन' लिहिलंय, ते काय आहे? काका म्हणाले, पीककर्ज होतं, फेडून दोन वर्षं झाली, तेवढी ओळ गाळून टाका की. नाही गाळता येत. कागदावर आहे तोवर भाषांतरातही येणार. सोसायटीतून बेबाकीचा दाखला घ्या, तलाठ्याकडे अर्ज द्या, बोजा उतरल्याचा फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा निघेल, मग त्याचं भाषांतर करू. काकांनी विचारलं, तेवढा वेळ नसेल तर? मग आहे तसाच सातबारा जाऊ दे, आणि बेबाकीच्या दाखल्याचं वेगळं भाषांतर सोबत लावू. एक पान वाढेल, इतकंच. उद्या सकाळी ते सोसायटीत जाणारेत.