थेंबावर चालणारा एसी

मे महिन्याचं एसीचं बिल: 240 युनिट. कागद हातात देताना भाटकारबाब हसले, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

फोंड्याच्या या भाड्याच्या खोलीत एसीला त्यांनी वेगळा मीटर बसवलाय. एप्रिलमध्ये रिमोटवरच्या थेंबाच्या चिन्हावर बोट टेकवून म्हणाले होते, "हा थेंब बघा. यावर ठेवा. पाण्यावर चालतो, वीज खात नाही."

"पाणी कुठून आणतो?"

"हवेतनं! गोव्यात हवेला पाण्याचा दुष्काळ आहे? मागची नळी बघा, सकाळपर्यंत बादली भरते. विजेवर चालला असता, तर नळीतनं पाणी आलं असतं?"

यावर काय बोलणार? मी महिनाभर, रोज आठ तास, थेंबावरच झोपलो. घामाघूम, पण काटकसरीच्या समाधानात.

बिल आल्यावर मात्र मी मीटरपुढे स्टूल टाकून बसलो. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. फॅन मोडवर मिनिटाला दोनदा लुकलुकला, म्हणजे चाळीसेक वॅट. कूलवर ऐंशी वेळा, म्हणजे दीड हजार वॅट. मग थेंब लावला. पुन्हा ऐंशीच्या आसपास! कारण थेंब म्हणजे ड्राय मोड, आणि त्यातही तोच कंप्रेसर चालतो. फक्त आतला पंखा मंद होतो आणि खोली गार झाली की कंप्रेसर मध्येमध्ये थांबतो. जूनच्या पावसाळी रात्री तो सहा मिनिटं चालून नऊ मिनिटं गप्प बसला. त्या रात्री बचत खरीच झाली. मे महिन्यात मात्र तासाला एक युनिट पडलंय, म्हणजे बिचारा तासातली चाळीस मिनिटं राबत होता.

भाटकारबाब मागे येऊन उभे. "काय मोजता?"

"थेंब."

"मग स्लीप लावा. तो झोपतो."

झोपतबिपत नाही. आमचं मशीन पहिल्या दोन तासांत तापमान एकेक अंशाने वर नेतं आणि तिथेच थांबतं. 24 वरून 26. बचत त्या दोन अंशांची. सुरुवातीलाच 26 लावलं तर जास्तच. 18 लावून स्लीप दाबणाऱ्यांना पहाटे मिळतात 20.

खरा स्वस्त फॅन, पण तो गारवा देत नाही. शिवाय कूलनंतर लगेच लावला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत सोडतो आणि चादरीला ओल्या फडक्याचा वास येतो. एवढ्यासाठी छताचा पंखा काय वाईट?

भाटकारबाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण एसी तुम्हीच लावला होतात ना?"

नळीखालच्या बादलीतलं पाणी ते रोज जास्वंदीला घालतात. जास्वंद भलतीच फुललीय. त्या पाण्याचे पैसे बिलातून वजा झालेले नाहीत.