नळ बदलायचा म्हणून लेखी परवानगी मागितली, यात चुकलं काय?

आज सकाळी घरमालक काकांनी माझं पत्र अर्धवट वाचलं, घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिलं. "काहून जी ताई, पत्र कायले? तोंडानं सांगता येत नव्हतं? उद्या हेच कागद कोर्टात दाखवाल." हे जिन्यात उभं राहून, समोरच्या दारातल्या दोघी ऐकत असताना. दिवसभर शाळेत शिकवताना तेच डोक्यात होतं, म्हणून आता लिहायला बसले.

मी मागितलं तरी काय होतं? बाथरूममधला गरम-गार पाण्याचा जुना मिक्सर, त्याच्या खालचा बादलीचा नळ आणि संडासातली फ्लशची टाकी बदलू द्या. खर्च माझा. भाड्यातून एक रुपया कापणार नाही. इतकं.

तो नळ कसा गळतो तेही सांगते. परवा त्याच्याखाली लीटरची बाटली लावली, ती पन्नास मिनिटांत भरली. म्हणजे दिवसाला जवळपास २९ लीटर पाणी. नागपूरच्या भर उन्हाळ्यात, जेव्हा कूलरला बादलीभर पाणी लागतं आणि बोअर संध्याकाळी धापा टाकते, तेव्हा. वॉशर दोनदा बदलला. पंधरा दिवस बरा चालतो, पुन्हा टपटप. प्लंबरने नळ उघडून आत बोट फिरवायला लावलं. वॉशर ज्या पितळी बैठकीवर दाबला जातो तिलाच खाच पडली आहे. तिथे कितीही नवीन वॉशर घाला, खाच तो कापणारच. मिक्सरच्या गरम बाजूला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका बसलाय की सासूबाईंना तो दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. टाकीचं म्हणाल तर खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता ठेवली, भांड्यात रंग उतरला. म्हणजे खालची रबरी झडप पाणी धरत नाही.

आता माझ्या मैत्रिणी म्हणतील, मग बदलून टाकायचं, विचारायचं कशाला. आज स्टाफरूममध्येही हेच ऐकलं. बायांनो, मी एकदा न विचारता केलंय.

नंदनवनला आम्ही भाड्याने राहायचो तेव्हाची गोष्ट. गिझरखालचा नळ अडकला होता. रविवार होता, घरमालक पुण्याला मुलाकडे. एवढ्याशा नळासाठी काय फोन करायचा, असं म्हणून मी कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावलं. त्याने पाना लावला, जोर दिला, आणि भिंतीच्या आत काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. नळ हातात आला तो मागच्या निपलच्या अर्ध्या तुकड्यासकट. जुना जीआय पाईप आतून पूर्ण गंजलेला. तीन टाइल्स फोडाव्या लागल्या, आणि तशा फुलांच्या टाइल्स आता कुठेच मिळत नाहीत. घर सोडताना डिपॉझिटमधून नऊ हजार कापले. वरून विचारलं, "आमचा जुना पितळी नळ कुठे आहे?" तो प्लंबर घेऊन गेला होता. मला ठाऊकही नव्हतं.

त्या नऊ हजारांचा राग मला अजून येतो. गंज काय मी लावला होता? पण विचारलं नव्हतं हे खरं, आणि तिथेच माझं तोंड बंद झालं.

म्हणून या वेळी पत्र. नंदनवनला जे जे बोलायचं राहून गेलं ते या पत्रात आधीच लिहिलंय. पहिलं, नेमकं काय निघणार आणि काय बसणार. नवीन मिक्सरही भिंतीवरचाच, दोन तोंडांमध्ये सहा इंच अंतर असलेला, अर्ध्या इंचाच्या आट्यांचा. जुन्याचं अंतर टेप लावून मोजलंय, त्यामुळे भिंत फोडायचं कारण नाही. दुसरं, भिंतीतला पाईप सडलेला निघाला तर काम तिथेच थांबवू, तुम्हाला वर बोलावून दाखवू, आणि तो पाईप दुरुस्त करायचा खर्च तुमचा. प्लंबरच्या हातून टाइल फुटली तर माझा. हे वाक्य मी चार वेळा खोडून लिहिलं, कारण भांडण नेमकं इथेच होतं. तिसरं, काढलेलं जुनं सामान फोटो काढून, वजन करून तुमच्या ताब्यात. चौथं, आम्ही घर सोडू तेव्हा नवीन सामान तसंच राहील, त्याचे पैसे मागणार नाही. तुम्हाला जुनंच हवं असेल तर आत्ताच सांगा, जाताना तेच बसवून देऊ. खाली दोघांच्या सह्या, दोन प्रती.

एकूण खर्च ७,९०० रुपये, मजुरी धरून. भाडं आमचं अकरा हजार. कोणाला वाटेल वेडी आहे ही बाई.

माझा वकील भाऊ तर चिडलाच. म्हणाला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ वाच. घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. त्याने नाही केलं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. ठीक आहे, कायदा चांगला आहे. पण आमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा, तिथे करारात लिहिलेलंच आधी पुढे येतं. आणि आमच्या करारात काकांनीच लिहून घेतलंय की लेखी परवानगीशिवाय घरात कोणताही बदल करायचा नाही. लेखी! मग मी लेखी मागितलं तर कोर्ट कुठून आलं? तुमच्या अटीने वागलं तरी आम्हीच लबाड?

हे लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे, तर काकांचंही एक सांगते. आमच्या आधीच्या भाडेकरूने त्यांच्या स्वयंपाकघरातला जड पितळी नळ काढून प्लास्टिकचा लावला आणि पितळ भंगारवाल्याला विकलं. काकांना ते घर रिकामं झाल्यावर कळलं. तो प्लास्टिकचा नळ आजही आमच्या ओट्यावर आहे, उचलला तर पेनाइतका हलका. नवीन नळ लावतो म्हणणारा भाडेकरू म्हटला की त्यांना तोच आठवत असणार. नंदनवनच्या मालकालाही कदाचित माझ्याबद्दल तेच वाटलं असेल, की हिने आमचं पितळ विकलं. हे मला आज पहिल्यांदा सुचलं आणि वाईट वाटलं.

पण काका, म्हणूनच तर वजन करून देते असं लिहिलंय ना! अर्धं पत्र वाचून परत कशाला दिलंत? ती ओळ दुसऱ्या पानावर होती.

संध्याकाळी काकू विरजण मागायला वर आल्या. त्यांना मी काही बोलले नाही, फक्त बाथरूममध्ये नेऊन मिक्सर फिरवायला सांगितला. त्यांनाही दोन हात लागले. मग म्हणाल्या, "ते पत्र दे माझ्याजवळ. जेवण झालं की मी वाचून दाखवते त्यांले, दोन्ही पानं." दोन्ही प्रती देऊन टाकल्या, माझी सही करून.

नळाखालची बादली भरली आहे. कूलरमध्ये ओतून येते.