‘इव’ गाळायचा नाही, तो का

कालिदासाच्या रघुवंशातल्या एका श्लोकाचा मी केलेला अनुवाद आणि त्यातला संस्कृत ‘इव’, म्हणजे ‘सारखा’ किंवा ‘जणू’, यांबद्दल तुम्ही लिहिलंत:

«तुम्ही एका श्लोकात ‘जणू’ही घातलंत आणि ‘सारखी’, ‘सारखा’ही. ओळ बोजड झाली. ‘इव’ वृत्त भरायला येतो. ‘ती चालती दीपशिखाच’ म्हटलं असतं तर मराठी कविता झाली असती.»

‘जणू’बद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो आज काढला. ‘इव’ क्रियापदाला लागला की बहुधा उत्प्रेक्षा होते, जसं ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि’: अंधार जणू अंगाला माखतो आहे. तिथे ‘जणू’ हवाच. इथे मात्र ‘इव’ नामांना लागला आहे.

पण तो भरतीचा नाही. पादपूरणासाठी अमरकोश तु, हि, च, स्म, ह, वै ही अव्ययं सांगतो, त्यांत ‘इव’ नाही. रघुवंशाच्या सहाव्या सर्गातला, इंदुमतीच्या स्वयंवराचा श्लोक पुन्हा पाहा:

संचारिणी दीपशिखेव रात्रौ
यं यं व्यतीयाय पतिंवरा सा।
नरेन्द्रमार्गाट्ट इव प्रपेदे
विवर्णभावं स स भूमिपालः॥

‘इव’ उपमानाच्या पाठीला लागतो: दीपशिखा + इव, अट्टः + इव. अट्ट म्हणजे रस्त्यालगतचा उंच वाडा. दोन उपमा आहेत, पण चित्र एकच. आमच्या गोव्यात दिवजांच्या रात्री हातात दिवे घेतलेल्या बायका रांगेने निघतात, तो उजेड डोळ्यांपुढे आणा. असा एक दिवा काळोख्या वाटेने घरांसमोरून जात असेल, तर घरापुढचा एकेक बल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, क्षणभर उजळतो आणि दिवा पुढे सरकला की आधीपेक्षा जास्त काळा दिसतो. इंदुमती ज्यांना सोडून पुढे गेली, त्या राजांचं तेच झालं. ती समोर आली तेव्हा आशा होती, हे कवी सांगत नाही. ते दिव्यातून कळतं.

आता ‘ती दीपशिखाच’ म्हणा. हे रूपक झालं. इंदुमती ज्योत झाली, राजे मात्र माणसंच राहिले आणि वाडा एकटा लोंबकळतो. त्यालाही रूपक करून ‘राजे वाडेच’ म्हटलं, तर पतीची निवड करणारी मुलगी दिसेनाशी होते. ‘इव’ दोघांना शेजारी ठेवतो, एकाला दुसऱ्यात विरघळू देत नाही.

‘रात्रौ’ही सांभाळावा लागतो. तो ज्योतीच्या बाजूचा आहे. ‘रात्री ती राजांसमोरून गेली’ असं भाषांतर केलं की स्वयंवरच रात्री होतं.

लिंगही जुळवलं आहे: दीपशिखा स्त्रीलिंगी, इंदुमती स्त्री, अट्ट पुल्लिंगी, भूमिपाल पुरुष. म्हणून ‘माडी’ न घेता ‘वाडा’ घेतला. ‘विवर्णभावा’साठी आधी ‘फिका पडला’ लिहिलं होतं, पण वाडा फिका पडत नाही. काळवंडतो मात्र वाडाही आणि माणसाचा चेहराही. सुधारलेला अनुवाद असा:

रात्री चालत्या दिव्याच्या ज्योतीसारखी ती वधू ज्या ज्या राजाला ओलांडून गेली, तो तो राजा राजमार्गावरच्या वाड्यासारखा काळवंडला.

‘सारखी’ आणि ‘सारखा’ दोन्ही राहतील. ‘ओलांडून’ अजून खटकतं. त्याला मऊ शब्द सुचला तर जरूर कळवा.