तुकडा आत सैल नसतो, म्हणूनच गोंद लावू नका

«हेडफोनची पिन मोबाईलच्या जॅकमध्ये तुटली? दुरुस्तीला पैसे घालवू नका. टूथपिकच्या टोकाला सुपरग्लूचा थेंब लावा, आत घाला, पाच मिनिटं थांबा आणि ओढा. तुकडा आत नुसता सैल पडलेला असतो, हमखास निघतो. नाहीच निघाला तर सुईने उचकटा किंवा लोहचुंबक लावा.»

वरच्या मेसेजला उत्तर देताना सुरुवात शेवटून करतो, कारण सगळी गडबड त्या «सैल» शब्दात आहे. हेडफोन जॅकमध्ये घालताना शेवटी एक हलकं «टक्» जाणवतं, ते आठवा. पिनेच्या टोकाला, अगदी शेंड्यामागे, एक खाच असते. जॅकच्या आत धातूची एक पातळ स्प्रिंग असते आणि ती बरोबर त्या खाचेत येऊन बसते. पिन आपोआप गळून पडू नये म्हणूनच ही सोय आहे. पिन तुटली तरी स्प्रिंगला त्याचा पत्ता नसतो. ती शेंडा तसाच धरून ठेवते. म्हणून फोन उलटा करून कितीही आपटला तरी तुकडा बाहेर येत नाही. आत घालताना जितका जोर लागला, साधारण तितकाच जोर लावून तो सरळ बाहेर ओढावा लागतो, आणि त्यासाठी तुकड्यावर पकड मिळायला हवी.

गोंदाने ती पकड मिळते, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं. पण जागा किती आहे बघा. पिनेचा व्यास 3.5 मिमी आणि जॅकचं भोक त्याहून केसभरच मोठं. सुपरग्लू पाण्यासारखा पातळ असतो. काडीवरचा थेंब तुकड्याला टेकला की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा तो तुकडा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ओढला जातो. काडी तुकड्याला चिकटायच्या आधी तुकडाच जॅकला चिकटतो, आणि जाता जाता स्प्रिंगसुद्धा त्यात अडकते.

पाच मिनिटांचा हिशोबही चुकीचा आहे. हा गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. पातळ थर काही सेकंदांत धरतो, जाड थेंब मात्र आतून बराच वेळ ओला राहतो. म्हणजे जिथे चिकटायला नको, त्या फटीत तो लगेच धरतो आणि काडीच्या टोकाशी ओलाच राहतो. मग काडी ओढली की एकटीच बाहेर येते. वाळलेला सुपरग्लू ॲसिटोनने विरघळतो हे खरं, पण ॲसिटोन फोनच्या प्लास्टिकलाही सोडत नाही. ते जॅकमध्ये ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

माझ्याकडे दुरुस्तीला असा एक फोन आला होता. टूथपिक आतच मोडलेली, तिच्याभोवती पांढरट थर आणि सगळ्यात खाली तुकडा. फोन उघडून पूर्ण जॅक बदलावा लागला. नशिबाने त्या फोनमध्ये जॅक वेगळ्या सुट्या भागावर होता. तो मुख्य बोर्डावरच डाग दिलेला असता, तर काम बरंच वाढलं असतं.

सुईबद्दल. तुकडा आणि भिंत यांच्यात सुई घालून उचकटलं की वाकते ती स्प्रिंग. पिनेचा शेंडा डाव्या कानाचा आवाज नेतो आणि त्याला टेकणारी स्प्रिंग हीच. त्यामुळे सुईने «यशस्वीपणे» तुकडा काढल्यावर नव्या हेडफोनमध्ये फक्त उजवा कान वाजू लागला, तर काय झालं ते ओळखा. दुसरी खूण म्हणजे जॅक रिकामा असूनही स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह दिसत राहतं आणि स्पीकर मुका राहतो. हेडफोन आहे की नाही हे फोन आतल्या स्प्रिंगांवरूनच ओळखतो. त्या वाकल्या किंवा गोंदाखाली गेल्या की त्याची समजूत चुकते.

लोहचुंबकावर फार शब्द खर्च करत नाही. पिना बहुधा पितळेच्या असतात आणि पितळ चुंबकाला दाद देत नाही. वरचा निकेलचा मुलामा स्प्रिंगची पकड सोडवण्याइतका ओढला जात नाही.

मग करायचं काय? आधी तुटलेला उरलेला भाग हातात घ्या आणि तशाच धडक्या पिनेशेजारी धरा. माइक असलेल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात, माइक नसलेल्याच्या दोन. या रेघा प्लास्टिकच्या असतात आणि पिन बहुतेकदा तिथेच मोडते. उरलेल्या भागात किती रेघा आहेत यावरून आतला तुकडा किती लांब आहे ते कळतं. पिन बुडाशीच मोडली असेल तर तुकड्याचं टोक तोंडाजवळच असतं आणि बारीक चिमटा पुरतो. फक्त शेंडाच आत राहिला असेल तर तो जवळजवळ सेंटीमीटरभर खोल असतो. ही अवघड केस.

आता फोन बंद करा आणि टॉर्चच्या उजेडात सरळ आत बघा. शेंडा आणि पिनेच्या मधून जाणारी बारीक दांडी हा एकच अखंड तुकडा असतो, बाकीची कडी तिच्यावर ओवलेली असतात. त्यामुळे मोडताना दांडीचा छोटा खुंट बऱ्याचदा शेंड्याला चिकटून राहतो. मधोमध पिवळसर ठिपका वर आलेला दिसला तर तो खुंट समजा. तोच आपला मित्र.

भाच्याच्या फोनमध्ये असा जेमतेम एक मिलिमीटरचा खुंट होता. मी बॉलपेनची संपलेली प्लास्टिकची रिफिल घेतली. शाईचा थोडासुद्धा अंश आत जायला नको, म्हणून पुसून कोरडी केली आणि टोक ब्लेडने काटकोनात कापलं. ती जॅकमध्ये अडखळत असेल तर जाड आहे, दुसरी घ्यायची. मोकळी जात होती. मग टोक ज्योतीच्या जवळ, ज्योतीत नव्हे, दोन-तीन सेकंद धरलं. ते मऊ व्हायला हवं, फुगायला किंवा टपकायला नको. लगेच सरळ आत घालून खुंटावर दाबलं आणि पूर्ण गार होईपर्यंत हललो नाही. पहिल्यांदा रिफिल रिकामीच निघाली, कारण आत नेईपर्यंत टोक गार झालं होतं. गार टोक कापून टाकलं, पुन्हा केलं. दुसऱ्यांदा ओढताना बोटांना तेच ओळखीचं «टक्» जाणवलं आणि शेंडा रिफिलच्या तोंडात बाहेर आला. ओढताना हात बाजूला झुकवायचा नाही, नाहीतर खुंटही मोडतो.

खुंट नसेल, तुकडा सपाट तुटलेला असेल, तर रिफिलला धरायला काहीच नसतं. दोन प्रयत्नांत नाही निघाला तर थांबा. फोन उघडणारा माणूस काही जॅकमध्ये मागच्या बाजूने तुकडा पुढे ढकलू शकतो. मात्र जॅक मागून बंद असेल, तर तो बदलणंच भाग पडतं. तोपर्यंत ब्लूटूथवर आवाज येतो, आणि बऱ्याच फोनवर कॉल स्पीकरवर घेता येतो.