तीन टेबलं, तीन नम्रता

आवक खिडकीतून आमच्या सोसायटीचं पत्र जसंच्या तसं बाहेर आलं. "दोन पानं आहेत. एका पानात आणा," एवढं बोलून बाईंनी पुढच्या माणसाकडे हात केला. विषय काय, तर बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा. मजकूर आमच्या अध्यक्षांचा, नम्रताही सगळी त्यांचीच. सचिव म्हणून माझी फक्त सही, शिक्का आणि हमाली. नागपुरातल्या मे महिन्यात भर बारा वाजता घरी जाऊन परत येणं कोणाच्या बापाला जमतं? झाडाखालच्या ओट्यावर बसलो आणि पेन काढलं.

पहिलं वाक्य असं होतं : "उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही खाली सही करणार आपणांस अत्यंत नम्रतापूर्वक व आदरपूर्वक विनंती अर्ज सादर करतो की". १७ शब्द झाले, दिवा अजून यायचाच आहे. विषय वरच लिहिलेला असतो, तेव्हा 'उपरोक्त' कशाला? सही खाली दिसतेच, तेव्हा 'खाली सही करणार' कशाला? मी एक सरळ रेघ ओढली आणि अख्खं वाक्य आडवं केलं.

"भाऊ, काऊन खोडून राहिले?"

शेजारी एक काकाजी बसले होते. मांडीवर फाईल, खिशाला दोन पेनं. कोणत्या तरी खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, हे त्यांनी न विचारताच सांगितलं.

"लांब झालंय काकाजी. एका पानात बसवायचंय."

"बसवा न. पण आदर कायले काढता? मजकूर काढा!"

"मजकूर काढला तर दिवा कोणता ते कसं कळेल?"

"दिवा त्याईले माहीत असते. आदर आहे का नाही, ते पाहतेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे पाहा, पत्र तीन टेबलांवरून जाते. 'नम्रतापूर्वक' आवक क्लार्कसाठी. 'आदरपूर्वक' हेड क्लार्कसाठी. 'कृपावंत होऊन' साहेबासाठी. तीन टेबलं, तीन नम्रता. एक काढली का तेवढ्या टेबलावर पत्र अडलंच समजा."

मला क्षणभर पटलंच होतं. आमचं आधीचं पत्र नेमकं कोणत्या टेबलावर अडलं असेल, याचा हिशेबही मनात सुरू झाला.

पण खरं सांगायचं तर अर्जातला आदर ठरलेल्या चार जागी बसतो. वर 'मा.' आणि पदनाम, मग 'महोदय', मग शेवटचं क्रियापद आणि खाली 'आपला विश्वासू'. या चार जागा शाबूत असल्या की मधला मजकूर कितीही कापा, पत्र उद्धट होत नाही. उलट चारांतली एक गेली, तर मध्ये पन्नास 'सविनय' घातले तरी भागत नाही. त्यातही सगळ्यात नाजूक क्रियापद. घाईत छाटणारा माणूस 'दुरुस्त करून द्यावा'चं 'दुरुस्त करा' करतो. वाचतो एकच शब्द आणि अर्जाचा हुकूम होतो. दुसरी मंडळी भारदस्त वाटतं म्हणून 'दुरुस्ती करण्यात यावी' लिहितात. ही तर वरच्या साहेबाने खालच्याला लिहायची भाषा. अर्जदाराच्या तोंडी 'द्यावा, ही नम्र विनंती' एवढंच शोभतं आणि तेवढं पुरतंही.

आमच्या अध्यक्षांनी शेवट केला होता तो असा : "तरी मा. महोदयांनी कृपावंत होऊन सदर बाबीकडे गांभीर्याने लक्ष देऊन योग्य ती उचित कार्यवाही करण्याची कृपा करावी, ही आपणांस पुनश्च नम्र विनंती." एका वाक्यात दोनदा कृपा. 'योग्य' आहे आणि 'उचित'ही. 'महोदय' आधीच माननीय असतात, त्यांना आणखी 'मा.' लावलेलं. आणि एवढ्या सगळ्यात नक्की काय करायचं, हेच नाही! 'उचित कार्यवाही' म्हटलं की पत्र फायलीला लावणं हीसुद्धा कार्यवाहीच ठरते. मी 'कृपया' एकदा ठेवलं, 'नम्र विनंती' एकदा ठेवली आणि मध्ये दिवा घातला.

"'कळावे'ही काढलं?" काकाजी हळहळले. "'लोभ असावा' तरी टाका."

आता इंजिनिअर साहेबांचा माझ्यावर लोभ कशाला असावा? ते मामाच्या पत्रात शोभतं. वरचं 'स.न.वि.वि.'ही तसंच, घरगुती पत्रातलं. विषयाची ओळ असलेल्या अर्जात त्याचं काम नाही.

मी त्यांना माहिती अधिकाराचा दाखला दिला. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून त्या अर्जाला साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. सरकारलाच थोडक्यात हवं असतं.

"तो अधिकार आहे," काकाजी म्हणाले, "हा तर अर्ज आहे न."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.

खरी लांबी मात्र आदराने वाढलेलीच नव्हती. पाऊण पान आधीच्या पत्राच्या रडगाण्यात गेलं होतं : कधी दिलं, कोणाला दिलं, कोण काय म्हणालं. ते सगळं 'संदर्भ' या एका ओळीत मावतं, फक्त तारीख आणि आवक क्रमांक हवा. क्रमांक दिला की आधीचं पत्र शोधणं हे त्यांचं काम होतं. शेवटी राहिलं ते एवढं :

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता (विद्युत)

विषय : खांब क्र. १४ वरील बंद पथदिवा दुरुस्त करण्याबाबत
संदर्भ : आमचे दि. ३ मार्चचे पत्र, आवक क्र. २१७

महोदय,
या खांबावरचा दिवा २० फेब्रुवारीपासून बंद आहे. समोरच्या वळणावर रात्री पूर्ण अंधार असतो. संदर्भातील पत्रानंतरही दुरुस्ती झालेली नाही. कृपया दिवा लवकरात लवकर दुरुस्त करून द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सचिव

साहेबांचं नाव मुद्दाम घातलं नाही. बदली झाली की नावाचं पत्र पोरकं होतं, पदाचं तिथेच राहतं. त्या खुर्चीवर बाई असल्या तर 'महोदया', हे मात्र आधी चौकशी करून लिहायचं. 'श्री.', 'दि.', 'क्र.' ही आखूड रूपं खुशाल वापरावीत, पण 'आपला वि.' असं लिहू नये. तिथे कंजुषी दिसते. डावीकडे बोटभर जागा मोकळी सोडली, कारण फाईलची भोकं आणि साहेबांचा शेरा दोन्ही तिथेच पडतात. आवकचा शिक्काही पहिल्याच पानावर बसतो, तेव्हा वर थोडी जागा ठेवलेली बरी.

विषयाच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आवक रजिस्टरात तीच ओळ उतरवली जाते. 'विनंती अर्जाबाबत' असा विषय लिहिला तर रजिस्टरात तेवढंच जातं, आणि उद्या पाठपुराव्याला गेल्यावर तसले अर्ज दर पानावर सापडतात.

आदर मात्र सगळा आपल्याच बाजूने वाहतो, हे जाता जाता सांगितलंच पाहिजे. तिकडून उत्तर येतं ते 'आपणांस कळविण्यात येते की' असं. कळवणारा कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यात कोणी आपल्याला कृपावंत होऊन काही सांगत नाही.

रांगेत पुन्हा उभा राहिलो. काकाजी माझ्या पुढे. त्यांनी खिडकीत अर्ज सरकवला, चांगला तीन पानी, टाचणी लावलेला. बाईंनी वर पाहिलं, "काय काकाजी, बरे आहेत न?" म्हणाल्या आणि शिक्का मारला. मी मान लांब करून पाहिलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं : 'विनंती अर्जाबाबत'.